ईसीजी अहवाल: ७१ वर्षांचे गृहस्थ, दोनदा शुद्ध हरपली

आलेले वर्णन, जसेच्या तसे

“७१ वर्षांचे पुरुष. काल रात्री बाथरूमला जाताना आणि आज पहाटे खुर्चीत बसल्या बसल्या, अशी दोनदा शुद्ध गेली. दोन्ही वेळा अर्ध्या मिनिटात आपोआप आली. छातीत दुखत नाही. बीपी १३८/७६. बीपीसाठी मेटोप्रोलॉल ५० रोज. ईसीजी सकाळी ७:४० चा, वेग २५, उंची १० मिमी. रेट ७५ (आर-आर चार मोठे चौकोन). मध्ये दोन ठिकाणी ठोका गळतो, वेंकेबाख? पी सगळीकडे दिसतात, पी-पी चार मोठे चौकोन. पीआर सात छोटे चौकोन, ठोका गळायच्या आधीही आणि नंतरही. क्यूआरएस साडेतीन छोटे. व्ही१ मध्ये एमसारखा, दुसरा आर मोठा. लीड १ आणि व्ही६ मध्ये शेवटी रुंद एस. लीड १ वर आहे म्हणून अ‍ॅक्सिस नॉर्मल. शेवटची एस सोडून बेरीज: लीड १ +५, २ −५, ३ −१०. एव्हीएलमध्ये बारीक क्यू, मग उंच आर. खालच्या लीडमध्ये लहान आर, खोल एस. क्यूटी साडेदहा छोटे. टी व्ही१-व्ही२ मध्ये उलटा. एसटी कुठे वर नाही. एकूण फार काही वाटत नाही. मेटोप्रोलॉल निम्मे करून घरी सोडू का?”

डॉक्टर, तुमचे मोजमाप चांगले आहे. निष्कर्ष मात्र तीन ठिकाणी त्याच आकड्यांशी जुळत नाहीत: रेट, अक्ष आणि ‘वेंकेबाख?’. म्हणून खाली प्रत्येक नोंदीपुढे ती कशावरून केली तेही लिहिले आहे. घरी सोडू नका, एवढे आधीच सांगतो.

तांत्रिक बाजू

२५ मिमी प्रति सेकंद, १० मिमी प्रति मिलीव्होल्ट. तुमचे तीन आकडे एकमेकांशी बसतात: लीड १ आणि ३ ची बेरीज (५ − १०) लीड २ इतकी, म्हणजे −५ येते. यावरून मोजणी नीट झाली एवढेच कळते. इलेक्ट्रोड योग्य जागी लावले होते का, ते यावरून कळत नाही.

रेट

अलिंदांचा: ७५ प्रति मिनिट (पी-पी २० मिमी, ०.८ सेकंद).
निलयांचा: ६० प्रति मिनिट.

३०० ला मोठ्या चौकोनांनी भागण्याची रीत लय नियमित असेल तरच चालते. इथे ठोके गळतात, म्हणून फोनवर तुमच्याकडून दहा सेकंदांच्या पट्टीतले ठोके मोजून घेतले: पी १२, क्यूआरएस १०. दहाला सहाने गुणले की ६०. तुम्ही लिहिलेले ७५ चूक नाही, पण ते अलिंदांचे आहे. नाडी पाहणाऱ्याला ६० लागेल.

लय

मूळ लय सायनस. पी-पी अंतर अखंड सारखे. पाचवा आणि दहावा पी एकटाच राहतो, त्यामागे क्यूआरएस येत नाही. म्हणजे पाचातले चार ठोके खाली पोचतात, ५:४.

एकटा राहिलेला पी वेळेआधी आलेला नाही. तो बरोबर आपल्या जागी, ०.८ सेकंदांनीच येतो. म्हणून ‘वेळेआधीचा अलिंद ठोका अडला’ ही शंका निकालात निघते. विराम ४० मिमी, म्हणजे १.६ सेकंद, पी-पीच्या नेमका दुप्पट.

हे वेंकेबाख नाही. वेंकेबाखमध्ये पीआर वाढत जाऊन ठोका गळतो आणि गळल्यानंतरचा पीआर सर्वांत आखूड असतो. तुमच्याच वर्णनात तो आधीही सात आणि नंतरही सात चौकोन आहे. पीआर एकसारखा, मध्येच एक पी अडतो, आणि सोबत रुंद क्यूआरएस: हा दुसऱ्या अंशाचा एव्ही ब्लॉक, मोबिट्झ प्रकार २. सगळ्या पट्टीत हीच नोंद सर्वांत महत्त्वाची. वेंकेबाखमध्ये अडथळा बहुधा एव्ही नोडमध्ये असतो आणि तो सहसा शांत राहतो. इथला अडथळा त्याखाली, हिस-पर्किंजे भागात असतो, आणि तो कधीही, फारशी सूचना न देता पूर्ण ब्लॉकमध्ये जाऊ शकतो.

अक्ष

−६०°, डावीकडे झुकलेला. नॉर्मल नाही.

लीड १ वर असणे पुरेसे नसते, लीड २ पाहावीच लागते. ती खाली असेल तर अक्ष −३०° च्या पलीकडे गेलेला असतो. पडताळा हवा असल्यास एव्हीआर पाहा: तुमच्या आकड्यांनुसार तिथली बेरीज जवळपास शून्य यायला हवी, आणि −६०° ची दिशा एव्हीआरला काटकोनात असते. उजव्या शाखेच्या ब्लॉकमध्ये शेवटची रुंद एस धरून अक्ष काढला तर तो फसवतो. तुम्ही ती वगळलीत, ते उत्तम केलेत.

कालांतरे

पीआर: २८० मिसे (७ × ४०). लांबलेला, २०० च्या वर.
क्यूआरएस: १४० मिसे. रुंद.
क्यूटी: ४२० मिसे. दुरुस्त क्यूटी बॅझेटने ४७०, फ्रिडेरिशियाने ४५२ (आर-आर ०.८ सेकंद धरून, विरामानंतरचा ठोका वगळून).

क्यूआरएसच १४० चा असल्याने क्यूटीतली काही लांबी त्याचीच आहे. क्यूटी स्वतंत्रपणे लांबलेला आहे असे मी लिहिणार नाही.

आकार

व्ही१ मध्ये आरएसआर, लीड १ व व्ही६ मध्ये रुंद एस: उजव्या शाखेचा पूर्ण ब्लॉक. एव्हीएलमध्ये क्यूआर, खालच्या लीडमध्ये आरएस आणि अक्ष −६०°: डाव्या शाखेच्या पुढच्या फांदीचा ब्लॉक. व्ही१-व्ही२ मधला उलटा टी उजव्या शाखेच्या ब्लॉकमुळेच, वेगळा अर्थ लावू नये. एसटी उंचावलेला नाही.

एकूण निष्कर्ष

सायनस लय, अलिंद ७५, निलय ६०. दुसऱ्या अंशाचा एव्ही ब्लॉक, मोबिट्झ २, ५:४. खाली पोचणाऱ्या ठोक्यांत पीआर लांब. उजव्या शाखेचा आणि डाव्या पुढच्या फांदीचा ब्लॉक, म्हणजे तीनपैकी फक्त मागची फांदी उरली आहे. तिच्यातही ठोका मधूनमधून अडत असावा. ‘ट्रायफॅसिक्युलर’ हा शब्द मुद्दाम टाळला आहे, त्यातून नेमके काय ते कळत नाही.

शुद्ध हरपण्याशी हे चित्र थेट जुळते. विशेषतः दुसरा प्रसंग बसलेल्या अवस्थेतला आहे, त्यामुळे उठताना बीपी घसरले एवढ्यावर भागवता येणार नाही.

आत्ता काय करावे

मेटोप्रोलॉल निम्मे नको, बंद. पण ते बंद केल्याने प्रश्न मिटेल असे धरून थांबू नका. बीटा ब्लॉकर मुख्यतः नोडवर काम करतो आणि इथला अडथळा त्याखाली आहे. मॉनिटरवर ठेवा, बाह्य पेसिंगचे पॅड छातीवर चिकटवून ठेवा. रेट घसरला तर अ‍ॅट्रोपिनवर विसंबू नका: सायनस वेग वाढतो, पण खालचा अडथळा तसाच राहतो आणि उलट जास्त पी अडू शकतात. पोटॅशियम आणि ट्रोपोनिन पाठवा. कायमच्या पेसमेकरसाठी हृदयरोगतज्ज्ञांशी आजच बोला. जागा मिळेपर्यंत थांबायचे असल्यास रुग्ण खाटेवरच, एकट्याने बाथरूमला नाही.

हा अहवाल वर्णनावरून आणि फोनवरच्या मोजणीवरून केला आहे, मूळ पट्टी मी पाहिलेली नाही. बाराही लीडचा सरळ वरून, सावली न पडू देता काढलेला फोटो आणि लीड २ ची एक मिनिटाची लांब पट्टी पाठवा. जुना ईसीजी घरी असेल तर नातेवाइकांना आणायला सांगा. उजव्या शाखेचा ब्लॉक आधीपासून होता की नवा, ते मला हवे आहे.