चारशे एकोणसत्तर रुपये

हे गेल्याला तीन महिने झाले. खातं बंद करायला बँकेत मृत्यूचा दाखला आणि पासबुक घेऊन जायचं होतं, म्हणून आदल्या रात्री मी पासबुक चाळायला घेतलं. चाळायला म्हणजे तपासायलाच. एकतीस वर्षं मार्केट यार्डातल्या एका भुसाराच्या पेढीवर कीर्द-खतावणी लिहिली. आकड्यांवरून नुसती नजर फिरवणं मला जमत नाही.

ह्यांच्या त्या खात्यात फारशी उलाढाल नव्हतीच. 31 मार्च 2018 ला शिल्लक 14,200. पुढच्या पानावर पहिलीच नोंद 30 जूनची, व्याज जमा 469, शिल्लक 14,669.

बेरीज बरोबर होती, पण व्याज चुकलेलं होतं.

तेव्हा बचत खात्याला साडेतीन टक्के दर होता. 14,200 रुपयांचं 91 दिवसांचं व्याज 124 रुपये होतं. मग वरचे 345 आले कुठून? आधी वाटलं, मशीनची चूक असेल. पण व्याज रोजच्या शिल्लकेवर लागतं, एका दिवसासाठी जरी पैसे येऊन गेले तरी ते व्याजात उमटतात.

मी पासबुक दिव्याखाली धरलं. शिवणीपाशी एक पान कापलेलं होतं. फाडलेलं नव्हे, पट्टी लावून, एका दमात, दोऱ्याला धक्का न लावता कापलेलं. असं पान पुण्यात फार थोड्यांना कापता येईल, आणि त्यातला एक माझ्या घरात बेचाळीस वर्षं होता. ह्यांचं अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात बाइंडिंगचं दुकान होतं.

पान कापलं, पण व्याज राहिलं. व्याजाचं गणित ह्यांना कधीच जमलं नाही.

वहीच्या पाठीमागच्या पानावर मी उलटा हिशेब मांडला. 345 गुणिले 36,500, भागिले साडेतीन. पैशांचा फरक सोडला तर छत्तीस लाख. म्हणजे रक्कम आणि दिवस यांचा गुणाकार छत्तीस लाख. एक लाख असतील तर छत्तीस दिवस. दोन लाख, अठरा दिवस. तीन लाख, बारा दिवस. मग 2,40,000, पंधरा दिवस.

पेन तिथेच थांबलं.

2,40,000 हा आकडा मी झोपेतसुद्धा ओळखेन. मी निवृत्त झाले त्या मार्चअखेरीला जमा-नावेची तेरीज जुळली नव्हती आणि फरकाची तेवढीच रक्कम मी, ती सापडेपर्यंत, उचंत खात्यात टाकली होती. आठ दिवस रात्री जागून पावत्या उलगडल्या. जेवण जाईना. हे शेजारी बसून नुसते पावत्यांचे गठ्ठे बांधून द्यायचे. एप्रिलच्या शेवटी शेठजींचा फोन आला, "सापडली हो ताई रक्कम! एका पार्टीचा चेक दुसऱ्याच खात्यात जमा धरला होता." मी देवापुढे साखर ठेवली. त्याच महिन्यात ह्यांनी दुकानातलं कटिंग मशीन विकलं होतं. "हात थरथरतात आता," म्हणाले. मी विचारलंसुद्धा नाही, कितीला गेलं.

सकाळी बँकेत त्या तिमाहीचा उतारा मागितला. काउंटरवरच्या मुलीने छापून दिला. 9 एप्रिल, जमा 2,40,000. 24 एप्रिल, चेकने नावे 2,40,000. पंधरा दिवस.

तिथल्याच बाकावर बसून शेठजींना फोन लावला. ते आता पेढीवर जात नाहीत, आवाज खोल गेला आहे. मी फक्त तारीख आणि आकडा सांगितला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"ताई, मी नको म्हणत होतो," ते म्हणाले. "पण काकांनी शपथ घातली. म्हणाले, एकतीस वर्षांत तिची एक पै चुकली नाही, शेवटचं वर्ष तिला असं घेऊन जायला लावू नका."

"म्हणजे ती रक्कम सापडलीच नाही?"

"नाही सापडली."

खातं त्या दिवशी बंद केलं नाही.

घरी येऊन मैद्याची खळ शिजवली, ह्यांच्यासारखी, चिमूटभर मोरचूद घालून. बँकेचा उतारा पानाच्या मापाने कापला आणि त्या उरलेल्या कडेवर चिकटवला. थोडा तिरकाच बसला. ह्यांनी पाहिला असता तर ओला असतानाच सोडवून सरळ लावून दिला असता.

मग माझी जुनी वही काढली. 24 एप्रिल 2018 ची तारीख घातली, उचंत खात्यावर आडवी रेघ मारली आणि ह्यांच्या नावाने, पूर्ण नावाने, 2,40,000 जमा लिहिले.