गुरुवारचा बाजार

आमच्या गावचा आठवडी बाजार गुरुवारी भरतो. मारुतीच्या देवळापासून एसटी थांब्यापर्यंत पालं लागतात. आजी पिशवी घेऊन पुढं, मी मागं. तासगावचे बेदाणे, सांगलीची हळद, कोवळी मेथी! आजीनं वांगं देठाशी दाबून पाहिलं.
"पावशेर कितीला?"
"२० रुपये, मावशी."
"१५ ला दे."
शेवटी १८ ला जमलं. वर चार काड्या कोथिंबीर फुकट. (२ रुपये वाचले की आजीचा दिवस गोड.) येताना माझ्या दोन्ही हातांत गरम भजी. छत्री भजीवाल्याकडंच राहिली!

प्रश्न
१. बाजार कधी भरतो?
२. पालं कुठून कुठपर्यंत?
३. पिशवी कोणाकडं?
४. बेदाणे कुठले?
५. हळद कुठली?
६. वांगं कसं पारखलं?
७. पहिला भाव?
८. ठरलेला भाव?
९. फुकट काय मिळालं?
१०. छत्री का राहिली असेल?

उत्तरं
१. गुरुवारी
२. देवळापासून एसटी थांब्यापर्यंत
३. आजीकडं
४. तासगावचे
५. सांगलीची
६. देठाशी दाबून
७. २० रुपये
८. १८ रुपये
९. कोथिंबीर
१०. दोन्ही हातांत भजी होती (अंदाजानं, जवळचं उत्तरही चालेल)