सुकती आणि ओहोटी

हर्णै,
१२ जून २०२५

चि. सई हिस आबांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, शब्दकोडं अर्ध्यावर अडलं म्हणून उत्तरं बघून घेतलीस. तेव्हापासून मला माझं पहिलं कोडं आठवतंय.

१९६१ चा मे महिना. दुकानातून आणलेल्या गुळाची पुडी सोडली, तर त्या मुंबईच्या पेपरच्या तुकड्यावर काळे-पांढरे चौकोन आणि खाली 'आडवे शब्द', 'उभे शब्द'. उत्तरं दुसऱ्या दिवशीच्या अंकात. तो अंक कुणाच्या घरी हळद बांधून गेला, कोण जाणे!

पहिल्यांदा अडलं ते घरांच्या हिशेबातच. काना, वेलांटी वेगळी मोजायची का? आजी अंगणात झाप विणत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी मोठ्यानं वाचलं, "नारळाच्या झाडाचं पान, अक्षरं तीन." हात न थांबवता ती म्हणाली, "झावळी रे! ही काय माझ्या हातात." झा, व, ळी. तीन घरं, नेमकी. काना-वेलांटी आपल्या अक्षराबरोबर एकाच घरात राहते, हे मला तिथे कळलं. हा खेळ १९१३ साली न्यूयॉर्कच्या पेपरात पहिल्यांदा छापला गेला. इंग्रजीत एका घरात एकच सुटं अक्षर असतं. आपली घरं भरलेली. आडव्यातला 'ळी' उभ्यातही 'ळी'च लागतो, नुसत्या 'ळ'वर भागत नाही. मला मराठी कोडं जास्त आवडतं ते यासाठीच.

पुढे होतं, "भरतीनंतर येते, अक्षरं तीन." बंदरावरच्या पोराला हे विचारायचं? मी ठसठशीत लिहिलं, सुकती. मधल्या 'क'वरून उभा शब्द निघत होता, "दर्यावर दिशा दाखवणारं यंत्र, अक्षरं चार." दोन दिवस 'क'वरून काही सुचेना. शेवटी शेजारच्या तांडेलकाकांकडे गेलो. ते जाळं शिवत होते. म्हणाले, "आमी चांदण्या बघतो. मोठ्या बोटीवर होकायंत्र असतं."

हो, का, यं, त्र. चार! पण पहिल्याच घरात माझा 'क' बसलेला.

रात्री कंदिलापाशी बसून 'सुकती'कडेच बघत राहिलो. ती चुकीची असेल असं मनातच येत नव्हतं, घरीदारी सगळे तेच म्हणायचे. मग भूगोलाच्या पुस्तकातला शब्द आठवला, ओहोटी. मध्ये 'हो'! खोडरबर नव्हता. बोट ओलं करून 'क' पुसला, तर कागदाला भोक पडलं. त्या भोकाच्या कडेनं बारीक 'हो' लिहिला.

छापील उत्तरं मला कधीच मिळाली नाहीत. पण आडव्यानं उभ्याची साक्ष दिली होती, त्यामुळे शंका उरली नव्हती. तुकडा आजीला नेऊन दाखवला. तिनं भोकावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "यात माझी झावळी कुठं आहे?"

तुझं अडलेलं कोडं टपालानं पाठव. उत्तरांचा भाग आधी फाडून टाक. मी पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय.

तुझा,
आबा