पूर्वसंशोधन आढावा सादरीकरण : परीक्षकांसाठी प्रश्न

विषय : हाताने काढलेली आणि लॅपटॉपवर काढलेली टिपणे यांचा शिकण्यावर होणारा परिणाम
वर्ग : एम.ए. शिक्षणशास्त्र, दुसरे वर्ष
वेळ : सादरीकरण २० मिनिटे, प्रश्नोत्तरे १५ मिनिटे

सहपरीक्षकांसाठी

विद्यार्थिनीच्या स्लाइड आधीच हाती आल्या आहेत. प्रत्येक स्लाइडवर एक शोधनिबंध आहे : संशोधक, साल, नमुना, निष्कर्ष. मांडणीवरून तरी एकापाठोपाठ एक गोषवारे दिसतात. पण स्लाइड सुटसुटीत ठेवायच्या म्हणून तिने तसे केले असेल आणि डोक्यात सांगड पक्की असेल, हेही शक्य आहे. ते प्रश्नांतूनच कळेल. म्हणून "अमुक अभ्यासात काय आढळले?" असा प्रश्न कृपया कोणी विचारू नये. त्याचे उत्तर पाठांतरावर देता येते आणि त्यात आपली पाच मिनिटे जातात.

वेळ कमी पडला तर पहिले तीन प्रश्न सोडू नयेत. बाकीच्यांतून संभाषण जाईल तसे निवडावेत.

१. स्लाइड बंद करा. एकाही संशोधकाचे नाव न घेता दोन मिनिटांत सांगा : या विषयात आज कोणती गोष्ट बऱ्यापैकी ठरलेली आहे आणि वाद नेमका कशावर आहे?

नावे काढून घेतली की गोषवाऱ्याला आधार उरत नाही. "पहिल्या अभ्यासात असे, दुसऱ्यात तसे" अशी सुरुवात झाली तर तिथेच थांबवून प्रश्न पुन्हा विचारावा. एक संधी द्यायला हरकत नाही, घाबरल्यामुळेही तसे होते. अपेक्षित उत्तर साधारण असे : लॅपटॉपवर जास्त शब्द टिपले जातात आणि ते व्याख्यात्याच्या शब्दांच्या जास्त जवळ असतात, हे वेगवेगळ्या अभ्यासांत टिकले आहे. त्यामुळे परीक्षेतले गुण कमी होतात का, यावर मात्र एकमत नाही.

२. म्युलर आणि ओपेनहायमर यांचा २०१४ चा पहिला प्रयोग २०२१ मध्ये दुसऱ्या गटाने जसाच्या तसा करून पाहिला. लॅपटॉपवर शब्द जास्त आणि शब्दशः उतरवणे जास्त, हे पुन्हा दिसले. चाचणीच्या गुणांत मात्र तसा फरक सापडला नाही. मग "शब्दशः उतरवल्यामुळे समज उथळ राहते" या स्पष्टीकरणाचे काय करायचे?

माझ्या मते सगळ्या सादरीकरणाची परीक्षा या एका प्रश्नात आहे, त्यामुळे इथे वेळ खर्च करावा. स्पष्टीकरणाला दोन कड्या आहेत : लॅपटॉपमुळे शब्दशः लिहिले जाते, आणि शब्दशः लिहिल्यामुळे समज घटते. २०२१ मध्ये पहिली कडी टिकली, दुसरीला मात्र आधार मिळाला नाही. विद्यार्थिनीने ही फोड स्वतःहून केली तर तिने दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचले आहेत, असे मानायला हरकत नाही. "निष्कर्ष वेगळे आले, म्हणून अधिक संशोधनाची गरज आहे" हे उत्तर आले तर गुण देऊ नयेत. हे वाक्य कुठल्याही विषयावर चालते.

उपप्रश्न : २०१४ च्याच दुसऱ्या प्रयोगात लॅपटॉपवाल्यांना शब्दशः लिहू नका असे सांगूनही ती सवय फारशी सुटली नाही. ही माहिती तुमच्या आत्ताच्या उत्तराला बळ देते, की त्याला धक्का लावते? (कोणतीही बाजू घेता येईल. कारण देता आले पाहिजे.)

३. बुई आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात संगणकावर व्याख्यान शक्य तितके शब्दशः उतरवणाऱ्यांची लगेचच्या चाचणीतली आठवण सर्वांत चांगली होती. उशिरा घेतलेल्या चाचणीत मुद्देसूद टिपणे काढणारे पुढे गेले. पण टिपणे वाचायला वेळ दिल्यावर पुन्हा शब्दशः उतरवणारेच सरस ठरले. उलट २०१४ च्या तिसऱ्या प्रयोगात, आठवड्यानंतर उजळणीची संधी मिळालेल्यांत हाताने लिहिणारे पुढे होते. फळ्यावर एक तक्ता काढा आणि हे सगळे त्यात बसवा. रकाने तुम्हीच ठरवा.

तक्ता पूर्ण भरला नाही तरी चालेल. आपण पाहायचे ते रकान्यांची निवड. "संशोधक, साल, नमुना, निष्कर्ष" असे रकाने पडले तर ती स्लाइडच फळ्यावर उतरली. "चाचणी लगेच की उशिरा", "उजळणी मिळाली की नाही", "कसे लिहायचे याची सूचना होती का", "आठवण तपासली की समज" यांपैकी दोन-तीन तरी रकाने आले, तर ती अभ्यासांकडे आडवे पाहते आहे. तक्त्यातला विरोध पूर्ण मिटत नाही आणि मिटायची अपेक्षाही नाही. "या दोन निष्कर्षांचा मेळ मला लावता आला नाही, कारण सूचना आणि साधन हे दोन्ही एकाच वेळी बदलले आहेत" असे तिने म्हटले, तर ते पूर्ण गुणांचे उत्तर समजावे.

४. २०२२ च्या एका मेटा-विश्लेषणात टिपणांच्या पद्धतीमुळे कामगिरीत एकूण फरक दिसला नाही. २०२४ च्या दुसऱ्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये हस्तलेखनाचे पारडे जड ठरले. तुम्ही दोन्ही उद्धृत केले आहेत, पण वेगवेगळ्या स्लाइडवर. ती दोन्ही एकाच स्लाइडवर असती तर खाली कोणते वाक्य लिहिले असते?

नंतरचे म्हणून जास्त बरोबर, असे उत्तर आले तर विचारावे : कोणते अभ्यास आत घेतले आणि कोणते वगळले, हे तुम्ही तपासलेत का?

५. मेंदूतील विद्युत-क्रियेचा २०२४ चा अभ्यास तुमच्या आढाव्यात कशासाठी आहे? तो काढून टाकला तर तुमच्या निष्कर्षातले कोणते वाक्य बदलेल?

त्या प्रयोगात सुटे शब्द लिहायचे किंवा एका बोटाने टंकायचे होते, आणि शिकण्याची चाचणी नव्हती. व्याख्यान ऐकत टिपणे काढणे ही वेगळी गोष्ट आहे. बातम्यांतून गाजल्यामुळे हा निबंध अनेक आढाव्यांत शिरतो. तो ठेवण्याला माझी हरकत नाही, पण तो कोणत्या प्रकारचा पुरावा आहे हे तिला सांगता आले पाहिजे. हीच कसोटी इतर कुठल्याही निबंधाला लावता येईल. काढल्यावर काहीच बदलत नसेल, तर तो निबंध केवळ संख्या वाढवायला आला आहे.

६. टिपणांचे दोन उपयोग १९७२ मध्ये डी वेस्टा आणि ग्रे यांनी वेगळे केले : लिहिताना डोक्यात होणारी प्रक्रिया आणि नंतर वाचायला उरणारा साठा. तुमचा आढावा सालांऐवजी या दोन गटांत मांडला, तर कोणता निबंध कुठेच बसत नाही?

वर्गात लॅपटॉपवर इतर गोष्टी पाहण्यामुळे होणाऱ्या नुकसानीचा २०१३ चा अभ्यास बसत नाही, हे उत्तर पुरेसे. तो लक्ष विचलित होण्याविषयी आहे.

७. तुमच्या प्रबंधाचा प्रश्न कोणत्या दोन अभ्यासांच्या मधल्या फटीतून निघाला? दोघांचीही नावे घ्या. त्यांतला एक झालाच नसता, तर तुम्ही हाच प्रश्न विचारला असता का?

"या विषयावर आपल्याकडे फारसे काम झालेले नाही" हे उत्तर ग्राह्य धरू नये. दोन नावे आली आणि त्यांच्यामधला बेबनाव तिला एका वाक्यात सांगता आला, तर पुढचा प्रश्न न विचारता तिला पाणी प्यायला द्यावे आणि गुणपत्रक भरायला घ्यावे.