उद्या पहिला पेपर

सगळे आलात का? मागचे जरा पुढे सरका की. श्रुती, फोन स्पीकरवर ठेव. इम्रान, पूजा आणि महेश सकाळच्या हुतात्मानं पुण्याला गेलेत, त्यांचं सेंटर तिकडं पडलंय. त्यांनाही ऐकू जाऊ दे.

डी. फार्म. पास झालो तेव्हा आपल्या घरी पेढे वाटले. पण फार्मासिस्ट म्हणून काउंटरला उभं राहायचं तर कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हवं, आणि त्याची वाट आता एक्झिट एक्झामच्या तीन पेपरांतून जाते. 2022 च्या नियमांनी ही परीक्षा आली आणि ती पहिल्यांदा द्यायची पाळी आपली. ‘दादा, पेपर कसा असतो?’ असं विचारायला एकही सिनिअर नाही. गेले पंधरा दिवस याच गोष्टीनं माझी झोप उडालीय. तुमच्यापैकी कितीजणांची उडालीय तेही मला माहीत आहे, कारण रात्री दोन वाजता तुमचे मेसेज मलाच येतात.

म्हणून लावण्याची एक गोष्ट सांगतो. तिला विचारूनच सांगतोय.

ट्रेनिंगमध्ये ती पूर्व भागातल्या एका मेडिकलला होती. विड्या वळणाऱ्या एक आज्जी इन्सुलिन न्यायला यायच्या. इंजेक्शन रोज घेत होत्या, तरी साखर उतरत नव्हती. दुकानात सगळे म्हणायचे, पथ्य पाळत नसतील. लावण्यानं त्यांना तेलुगूत एवढंच विचारलं, ‘आज्जी, बाटली कुठं ठेवता?’ आज्जी म्हणाल्या, ‘बर्फाच्या कप्प्यात. तिथं जास्त गार राहते ना!’ एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही, हे तिनं त्यांना समजावलं. नवी बाटली दिली, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायला सांगितली आणि ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला म्हणाली. पुढच्या महिन्यात आज्जी तिच्यासाठी शेंगाचटणी घेऊन आल्या.

आता उद्या इन्सुलिन कोणत्या तापमानाला ठेवावं असा प्रश्न आला, तर लावण्याला दोन ते आठ अंश हे आठवावं लागेल का? तिला आज्जी दिसतील. आणि आता तुम्हालाही दिसतील.

अशा पाचशे तासांच्या आठवणी आपल्या प्रत्येकाकडं आहेत. मी तीन महिने रोज संध्याकाळी शेड्यूल एच-वनचं रजिस्टर लिहिलं: डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. तेव्हा कंटाळा यायचा. आज ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं हे मला पाठ करावं लागत नाही. प्रश्न अडला की आधी आपलं दुकान डोळ्यासमोर आणा. तिथं आपण काय करत होतो? बरीच उत्तरं तिथंच सापडतील.

इंग्रजीची धास्ती घेतलेले आपण पुष्कळजण आहोत. दहावीपर्यंत कुणी मराठीत शिकलं, कुणी कन्नडमध्ये, कुणी उर्दूत. पण औषधांची नावं, डोस, साइड इफेक्ट हे सगळं आपण इंग्रजीतच शिकलोय. घोळ होतो तो ‘नॉट’ आणि ‘एक्सेप्ट’ या दोन शब्दांपाशी. सरावात माझे सर्वांत जास्त मार्क तिथंच गेले. ते शब्द दिसले की थांबा, प्रश्न पुन्हा वाचा.

तिन्ही पेपरांत वेगवेगळे पन्नास टक्के लागतात, तेही एकाच वेळी. म्हणून उद्या बाहेर आल्यावर उत्तरं जुळवत बसू नका. फार्माकॉलॉजीचं दुःख घेऊन परवा केमिस्ट्रीला बसलात तर दोन्ही जातील. कायद्याचा पेपर सोपा म्हणून कुणी शेवटच्या रात्रीवर ढकलला असेल, तर त्यालाही तितकेच पन्नास टक्के लागतात हे लक्षात ठेवा. आणि एखाद्याचं यंदा राहिलंच, तर ही परीक्षा कितीही वेळा देता येते. त्याच्यासोबत आपण पुन्हा अभ्यासाला बसू. हा माझा शब्द आहे, आणि तो सीआर नसलो तरी पाळीन.

उद्या घटस्थापना आहे. रूपाभवानीच्या वाटेवर पहाटेपासून गर्दी असेल, तिकडून येणाऱ्यांनी अर्धा तास आधी निघा. ॲडमिट कार्ड आणि मूळ ओळखपत्र आत्ताच पिशवीत घाला. ज्यांचे नऊ दिवस उपवास आहेत त्यांनी रिकाम्या पोटी जाऊ नका; भगर खा, केळी खा, काहीही खा. अभिजितची गाडी सुरू होत नाहीये, त्याला येताना गणेश घेईल. अजून कुणाला सोबत हवी असेल तर आत्ताच सांगा, सकाळी फोन लागत नाहीत.

पुण्यातल्यांनो, खोलीवर पोचल्यावर ग्रुपवर टाका. बाकीच्यांनी नवीन पान उघडू नका आता. मावशींनी भाकरी आणि पिठलं केलंय, गरम आहे तोवर चला.