टाकीतला चेंडू आणि रक्तातली साखर
बी.एस्सी. नर्सिंग, प्रथम वर्ष: अंतःस्रावी संस्थेच्या स्लाइडसोबत वाचायचे निवेदन

स्लाइड १: गच्चीवरची टाकी

विद्यार्थ्यांनो, संप्रेरकांकडे वळण्याआधी पडद्यावरचे हे छायाचित्र नीट पाहा. आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवरच्या टाकीचे झाकण काढून ते काल सकाळी घेतले आहे. पाण्यावर प्लास्टिकचा चेंडू तरंगतो आहे, त्याला पितळी दांडी जोडली आहे आणि दांडीचे दुसरे टोक येणाऱ्या नळाच्या तोंडावरचे रबरी वायसर दाबते. यालाच प्लंबर बॉलकॉक म्हणतात. खाली कोणी बादली भरली की पातळी उतरते, चेंडू खाली येतो आणि वायसर सुटून पाणी पडू लागते. पातळी चढू लागली की धार एकदम थांबत नाही. ती बारीक होत जाते, शेवटी नुसती सूंऽ असा आवाज करते आणि मग बंद पडते. हे बारीक होत जाणे लक्षात ठेवा, कारण शरीरातले नियंत्रणही दिव्याच्या बटणासारखे चालू-बंद नसून पातळीच्या प्रमाणात कमी-जास्त होणारे असते.

पातळी वाढली म्हणून भरणे थांबते. परिणामच आपल्या कारणाला आवर घालतो, म्हणून या रचनेला ऋण प्रत्याभरण म्हणतात. यातला ‘ऋण’ हा शब्द वाईट अर्थाचा नाही. बदल ज्या दिशेने होतो त्याच्या उलट दिशेला ओढणे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

स्लाइड २: टाकी किती लहान आहे

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. उपाशीपोटी साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास धरली, तर सगळ्या रक्तात मिळून जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, ग्लुकोज होते. एकट्या मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. म्हणजे बाहेरून भर पडली नाही, तर ही टाकी तासाभरातच कोरडी पडेल. तरीही रात्रभर उपाशी झोपलेला माणूस सकाळी धडधाकट उठतो, कारण त्याच्या टाकीत एक नळ सतत वाहत असतो आणि तो नळ म्हणजे यकृत. साठवलेल्या ग्लायकोजेनपासून आणि नव्याने ग्लुकोज बनवून यकृत रक्ताला साखर पुरवत राहते.

‘साखर म्हणजे खाल्लेले गोड’ हा समज आजच मनातून काढून टाका. पुढचे सारे विवेचन या नळावर उभे आहे.

स्लाइड ३: चेंडू, दांडी, वायसर

चेंडू म्हणजे स्वादुपिंडातल्या लँगरहॅन्सच्या द्वीपकांमधील बीटा पेशी, ज्या साखरेची पातळी स्वतः ओळखतात. दांडी म्हणजे इन्सुलिन, जे हा निरोप पोहोचवते. आणि वायसर म्हणजे यकृताच्या पेशी, ज्या निरोप मिळताच साखर सोडणे कमी करतात.

आता जेवण. जेवणाची साखर या नळातून येत नाही. ती टँकरची नळी झाकणातून आत सोडावी तशी थेट पडते आणि चेंडू तिला थांबवू शकत नाही. अशा वेळी इन्सुलिन दोन कामे करते: यकृताचा नळ आवळते आणि स्नायू व चरबीच्या पेशींकडे जाणाऱ्या वाटा उघडते. साध्या बॉलकॉकला हे दुसरे काम जमत नाही. तिथे आपली उपमा तोकडी पडते. पातळी फार उतरली, तर अल्फा पेशींतून ग्लुकागॉन येते आणि यकृताचा नळ मोठा करते. टाकीत मात्र एकच चेंडू दोन्ही दिशा सांभाळतो. उपमा कुठे थांबते हे माहीत असेल, तरच ती विश्वासाने वापरता येते.

स्लाइड ४: चेंडूला भोक पडले

या स्लाइडवर मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे. चेंडूला चीर पडली की त्यात पाणी शिरते, तो बुडतो, दांडी खाली राहते, आणि टाकी काठोकाठ भरली तरी नळ धो धो वाहत राहतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात बीटा पेशी नष्ट होतात, तेव्हा नेमके हेच घडते. रक्त साखरेने भरलेले असूनही यकृताला ‘थांब’ सांगणारे कोणी उरत नाही.

वॉर्डात तुम्हाला असा रुग्ण भेटेल: उलट्या होत आहेत, दोन दिवस अन्नाचा कण पोटात नाही, आणि साखर ४०० आहे. नातेवाईक विचारतील, ‘सिस्टर, यानं काही खाल्लंच नाही, मग साखर आली कुठून?’ उत्तर तुमच्यासमोर पडद्यावर आहे. म्हणूनच पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचा रुग्ण जेवत नाही, एवढ्यावरून त्याचे इन्सुलिन आपण होऊन कधीही रोखू नका. डॉक्टरांना ताबडतोब कळवा. इंजेक्शन देणे म्हणजे बुडालेल्या चेंडूच्या जागी हाताने नळ आवळत बसणे आहे. हाताला पातळी आपोआप कळत नाही, म्हणून ती ग्लुकोमीटरने पुन्हा पुन्हा पाहावी लागते, आणि हात जास्त आवळला गेला तर साखर ७० च्या खाली घसरते.

स्लाइड ५: झिजलेले वायसर

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात सुरुवातीला चेंडू शाबूत असतो. वायसर झिजलेले असते. नळ गळतो, म्हणून पाणी थोडे वर चढते, चेंडू दांडीला अधिक जोराने रेटतो आणि त्या जोरावर गळती थांबते. पातळी पाहणाऱ्याला सारे आलबेल वाटते. या टप्प्यावर साखर जवळपास सामान्य आणि इन्सुलिन मात्र जास्त असते, आणि हा काळ अनेक वर्षांचा असू शकतो. पुढे बीटा पेशी थकतात आणि मगच आकडा चढतो: उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेह, अर्थात फेरतपासणीने खात्री केल्यावर.

टाकीच्या काठाजवळची वाहती तोटीही शरीरात आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती पूर्ण परत शोषता येत नाही, ती लघवीतून वाहू लागते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. वारंवार लघवी आणि न भागणारी तहान यांचे कारण हेच.

स्लाइड ६: थायरॉइड, मोठी आणि संथ टाकी

इथे चेंडू दूर, डोक्यात आहे. थायरॉइड संप्रेरक कमी झाल्याचे पीयूषिका ग्रंथीला आणि तिच्या वरच्या हायपोथॅलॅमसला जाणवते, आणि पीयूषिका ‘नळ उघड’ हा निरोप टीएसएचच्या रूपाने पाठवते. म्हणून वाढलेला टीएसएच पाहून थायरॉइड जोरात काम करते आहे असे समजू नका. बहुतेक वेळा अर्थ उलटा असतो: चेंडू खाली गेला आहे, नळ पूर्ण उघडा आहे, तरी पाइपच तुंबल्यामुळे टाकी भरत नाही.

रक्तातले इन्सुलिन काही मिनिटांत निम्मे होते, तर थायरॉक्सिनला, म्हणजेच टी४ला, निम्मे व्हायला सुमारे ७ दिवस लागतात. मात्रा बदलल्यावर टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी तपासतात, त्याचे हे कारण.

प्रसूतीच्या कळांमध्ये मात्र ऑक्सिटोसिनने कळ येते आणि कळेने आणखी ऑक्सिटोसिन येते. हे धन प्रत्याभरण बाळ जन्मल्यावरच थांबते. ते आपण प्रसूतिशास्त्रात पाहू.

स्लाइड ७: गुरुवारच्या तासासाठी

पुढील तीन अहवालांत पाणी कुठे आहे, चेंडू कुठे आहे आणि बिघाड कोणत्या भागात असावा, हे प्रत्येकी दोन वाक्यांत वहीत लिहून आणा. पहिला: टीएसएच बराच वाढलेला, फ्री टी४ कमी. दुसरा: टीएसएच जवळजवळ शून्य, फ्री टी४ जास्त. तिसरा: टीएसएच कमी आणि फ्री टी४ही कमी. तिसऱ्याचे उत्तर लिहिण्यापूर्वी स्लाइड ४ मधला बुडालेला चेंडू पुन्हा एकदा पाहा.