वास्तुशांतीचे दोन शब्द

मंडळी, जेवणाआधी दोनच मिनिटं. "गुरुजी काय म्हणाले, काही कळलं नाही," असं वसईच्या मावशी मघाशी हळूच म्हणाल्या. खरं सांगू, मलाही काल रात्रीच समजलं! गुरुजींनी म्हटलेल्या शांतिमंत्रात एक ओळ आहे, 'स्वस्तिर्मानुषेभ्यः'. माणसांचं कल्याण होवो. कुठल्या माणसांचं, ते म्हटलेलंच नाही. पुढे 'ऊर्ध्वं जिगातु भेषजम्', औषधी वनस्पती वर वर वाढोत. मग दोन पायांच्यांना सुख, चार पायांच्यांनाही. म्हणजे जिन्यातली मांजरसुद्धा आली. शेवटी शांती तीनदा : स्वतःमुळे, इतरांमुळे आणि दैवामुळे होणारा त्रास शमावा म्हणून. फरशी बसवणारे चाचा, मागे का उभे? पहिल्या पंगतीला तुम्हीच बसायचं. पुरणपोळ्या गरम आहेत.